गॅमा वाढला, तरी ‘ज’ गाव तेवढंच लांब: रस्ते आराखडे करणाऱ्यांना खुले पत्र

रस्त्यांचे आराखडे तयार करणाऱ्या आणि त्यांना मंजुरी देणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी वाहतूक भूगोल शिकवतो. शिकवण्याच्या निमित्ताने नव्या रस्त्यांचे प्रस्ताव सतत हाताखालून जातात, आणि त्यात एक वाक्य वारंवार भेटतं: ‘प्रस्तावित रस्त्यामुळे परिसराची जोडणी अमुक टक्क्यांनी वाढेल.’ मी दरवेळी पेन्सिल घेऊन नकाशावरची ठिकाणं आणि रस्ते मोजतो, आणि बहुतेक वेळा टक्केवारी बरोबर निघते. माझी तक्रार गणिताबद्दल नाहीच. त्या आकड्यावरून लोक जो अर्थ काढतात, तो त्या आकड्यात नसतो. रस्ता कुठून न्यायचा हा निर्णय त्यावर होऊ लागला, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मोजायची रीत आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलू. रस्त्यांचं जाळं कागदावर उतरवताना गावं आणि चौक यांना आपण नोड म्हणतो आणि दोन नोडमधल्या रस्त्याला दुवा. वळणं, चढउतार, रुंदी सगळं बाजूला ठेवायचं. कोण कोणाला जोडलेलं आहे एवढंच उरतं. 1963 साली कारेल कान्स्की यांनी अशा जाळ्यांसाठी काही निर्देशांक मांडले आणि अल्फा, बीटा, गॅमा ही त्यांची नावं आज कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. बीटा म्हणजे दर नोडमागे किती दुवे. अल्फा म्हणजे जास्तीत जास्त जितकी वर्तुळं होऊ शकतात, त्यांपैकी प्रत्यक्षात किती आहेत. गॅमा म्हणजे जास्तीत जास्त जितके दुवे शक्य आहेत, त्यांपैकी किती बांधले आहेत. रस्ते एकमेकांवरून न जाता फक्त नोडवरच मिळतात असं धरलं, तर गॅमाचं सूत्र असं:

γ = e / [3(v − 2)]

इथे e म्हणजे दुव्यांची संख्या आणि v म्हणजे नोडची. प्रस्तावांतला ‘जोडणीचा टक्का’ बहुतेक वेळा याच सूत्रातून आलेला असतो.

आता एक छोटं जाळं घेऊ. आकडे सोपे राहावेत म्हणून ते मी रचलं आहे, फक्त त्यातला एक दुवा मी स्वतः मोजलेल्या रस्त्यावरून उचलला आहे. त्याच्याकडे नंतर येतो. मधोमध ‘ग’ हे मोठं गाव: दवाखाना, महाविद्यालय, बाजार सगळं तिथे. त्याच्यातून तीन रस्ते फुटतात. पहिल्यावर 15 मिनिटांवर ‘ख’ आणि तिथून पुढे 20 मिनिटांवर ‘क’. दुसऱ्यावर 15 मिनिटांवर ‘घ’ आणि पुढे 25 मिनिटांवर ‘च’. तिसऱ्यावर 10 मिनिटांवर ‘छ’ आणि पुढे 30 मिनिटांवर ‘ज’. सात नोड, सहा दुवे. वर्तुळ एकही नाही, म्हणजे कुठूनही कुठे जायला एकच वाट. गॅमा 6 भागिले 15, म्हणजे 0.40.

या जाळ्यात एक नवा रस्ता बांधायचा आहे. दुवे सातावर गेले की गॅमा 0.47 होतो, म्हणजे साधारण 17 टक्के वाढ. अल्फा शून्यावरून 0.11 वर जातो आणि बीटा 0.86 वरून 1.00 वर. प्रस्तावात टाकायला हे आकडे छान दिसतात. पण मी अजून नवा रस्ता कुठून कुठे जाणार हे सांगितलेलंच नाही. ख–घ बांधा, क–च बांधा, नाहीतर च–ज बांधा, तिन्ही निर्देशांक दशांशापर्यंत तेच येतील. सूत्रात फक्त संख्या जातात, जागा जातच नाही. गॅमा दोन पर्यायांत निवड करायला मदत करू शकत नाही, तरी दोन पर्यायांच्या प्रस्तावांत तोच सगळ्यात वर छापलेला असतो.

जागेचा हिशेब हवा असेल तर एक पायरी पुढे जावं लागतं. प्रत्येक नोडपासून प्रत्येक नोडपर्यंतच्या सगळ्यात जवळच्या वाटेचा तक्ता करायचा. 1953 सालच्या शिंबेल यांच्या कामावरून अशा तक्त्याला शिंबेल मॅट्रिक्स म्हणतात. तक्त्यातली एका गावाची ओळ बेरजेला घेतली की ते गाव बाकी सगळ्यांपासून एकूण किती दूर आहे ते कळतं, आणि सगळ्या ओळींची बेरीज म्हणजे अख्ख्या जाळ्याचं अंतर. पाठ्यपुस्तकात ही बेरीज ओलांडलेल्या दुव्यांच्या संख्येत करतात. मी मिनिटांत करतो, कारण पाच मिनिटांचा दुवा आणि अर्ध्या तासाचा दुवा एकाच भावाने मोजणं मला कधीच पटलेलं नाही.

आपल्या जाळ्यात गावांच्या 21 जोड्या होतात. नवा रस्ता नसताना, प्रत्येक जोडी एकदाच मोजली, तर त्या सगळ्यांचा एकेरी प्रवास मिळून 850 मिनिटं भरतो; सगळ्या ओळींच्या बेरजेत प्रत्येक जोडी दोनदा येते, म्हणून इथून पुढे मी तिचा निम्मा आकडाच देतो.

पहिला पर्याय: ख ते घ 12 मिनिटांचा रस्ता. आज ख वरून घ ला जायचं तर ग मधून 30 मिनिटं लागतात, म्हणजे 18 मिनिटं वाचली. ही बचत चार जोड्यांना मिळते: ख–घ, ख–च, क–घ आणि क–च. बेरीज 850 वरून 778 वर येते.

दुसरा पर्याय: क ते च 20 मिनिटांचा रस्ता. क–च हा 75 मिनिटांचा प्रवास एकदम 20 वर येतो, 55 मिनिटांची बचत. ख–च मध्ये 15 आणि क–घ मध्ये 5 मिनिटं वाचतात. बेरीज 775. दोन्ही पर्याय बेरजेत जवळपास सारखेच निघाले. पण पहिल्यात चार जोड्यांना सारखा फायदा, तर दुसऱ्यात जवळपास सगळा फायदा एकाच जोडीला. क आणि च यांच्यात जाणं-येणं फारसं नसेल, तर त्या 55 मिनिटांची बचत कागदावरच राहते.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो, ते. तक्त्यातला ‘ग’ चा स्तंभ बघा, म्हणजे प्रत्येक गावापासून दवाखाना किती मिनिटांवर आहे. क 35, ख 15, घ 15, च 40, छ 10, ज 40. पहिला पर्याय बांधल्यावर हा स्तंभ पुन्हा मांडला, तर एकही आकडा बदलत नाही. दुसऱ्या पर्यायानेही बदलत नाही. कारण उघड आहे: दोन्ही रस्ते फांदीला फांदी जोडतात, आणि ज्या गावांना ते जोडतात त्यांची ग ला जाण्याची जवळची वाट आधीपासूनच वेगळी आहे. जोडणी 17 टक्के वाढली आणि दवाखाना कोणालाही एका मिनिटानेही जवळ आला नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. प्रस्तावात मात्र यातलं एकच छापलं जातं.

तिसरा पर्याय प्रस्तावात सहसा नसतोच, कारण तो नवा रस्ता नाही. छ–ज हा 30 मिनिटांचा दुवा मी एका खऱ्या रस्त्यावरून घेतला आहे असं वर म्हटलं. त्या रस्त्यावर मी एकदा बस चालकाशेजारी वही घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक मैलाच्या दगडाला वेळ लिहीत गेलो. सुरुवातीची नोंद अगदी सरळ होती, दगडागणिक जवळपास सारखी मिनिटं. मग एक अरुंद पूल आला, एका वेळी एकच गाडी जाईल इतका. समोरून ट्रकची रांग येत होती. चालकाने इंजिन बंद केलं, बाटली काढून पाणी प्यायला आणि मला म्हणाला, ‘साहेब, इथली मिनिटं वेगळी लिहा, ही रोजची आहेत.’ मी वेगळी लिहिली. पुढे दोन फेऱ्यांतही तसंच झालं. अर्ध्या तासातली सुमारे दहा मिनिटं त्या एका पुलावर जात होती.

पूल रुंद केला आणि छ–ज 30 वरून 20 मिनिटांवर आला असं धरा. नोड सात, दुवे सहा, काहीच बदललं नाही. गॅमा 0.40 च, अल्फा शून्यच. निर्देशांकाच्या दृष्टीने काही घडलंच नाही. पण ज च्या ओळीतले सहाच्या सहा आकडे दहा-दहा मिनिटांनी खाली येतात आणि एकूण बेरीज 850 वरून 790 होते. ज ला दवाखाना 40 ऐवजी 30 मिनिटांवर येतो. एकूण बेरजेत हा पर्याय नव्या रस्त्यांच्या थोडा मागे आहे हे मी लपवत नाही. पण ग ला पोहोचण्याची वेळ कमी करणारा तिघांतला हा एकमेव पर्याय आहे.

इथे कोणी म्हणेल, की सगळ्या जोड्या सारख्या मोजणंच चूक आहे; ज वरून लोक ग ला जातात, च ला कोण जातं? बरोबर आहे, आणि त्यासाठीही रीत आहे. वॉल्टर हॅन्सन यांनी 1959 साली पोहोच मोजताना हाच विचार मांडला: प्रत्येक ठिकाणी किती संधी आहे ते घ्या, आणि तिथे जायला जितका वेळ लागतो तितकं तिचं वजन कमी करा. सगळ्यात साधा अवतार म्हणजे संधी भागिले मिनिटं, आणि मग सगळ्या ठिकाणांची बेरीज. ग चं वजन 30 आणि बाकी प्रत्येक गावाचं 3 धरून मी हे केलं. क–च रस्त्याने क ची पोहोच जवळपास 10 टक्के वाढते. पूल रुंद केल्याने ज ची पोहोच 32 टक्के वाढते. वजनं माझी आहेत आणि तुम्ही ती बदलू शकता, पण ती उघड मांडा. संधीला नुसत्या मिनिटांनी भागायचं की मिनिटांच्या वर्गाने, म्हणजे वेळेचा घात किती घ्यायचा, यावर निकाल हलतो, तेव्हा निदान दोन वेगळे घात वापरून बघावेत आणि क्रम उलटतो का ते सांगावं.

नव्या रस्त्याच्या बाजूनेही एक मोठी गोष्ट आहे, आणि ती टाळली तर मी अर्धवट बोललो असं होईल. ती म्हणजे रस्ता बंद पडला तर काय. मूळ जाळ्यातला प्रत्येक दुवा असा आहे, की तो तुटला की जाळ्याचे दोन तुकडे होतात. ख–ग वरची मोरी पुरात वाहून गेली, तर क आणि ख बाकी सगळ्यांपासून तुटतात. ख–घ रस्ता असेल तर ख ची माणसं घ वरून 27 मिनिटांत ग ला पोहोचतात. 15 च्या जागी 27, चालण्यासारखं आहे. क–च रस्ता असेल तर ख ला क, च, घ असा फेरा मारून 80 मिनिटं लागतील. म्हणजे या एका मोरीसाठी पहिला पर्याय फार चांगला. पण क–ख वर दरड कोसळली तर? ख–घ रस्त्याचा क ला काहीच उपयोग नाही, ते तुटतंच. क–च असेल तर क ची माणसं च वरून तासाभरात ग ला जातील. पहिल्या पर्यायाच्या वर्तुळात तीन दुवे सुरक्षित होतात, दुसऱ्यात पाच. अल्फा दोन्हीकडे 0.11 च दाखवतो, कारण वर्तुळ एकच आहे. ते केवढं मोठं आहे हे त्याला दिसत नाही. आणि ज कुठल्याच वर्तुळात नाही, ते दोन्ही पर्यायांत एकाच दोरीला लटकलेलं राहतं.

हे तपासायला संगणकही लागत नाही. एकेक दुवा खोडायचा आणि उरलेल्या जाळ्यातून प्रत्येक गावाला ग पर्यंत पोहोचता येतं का, आणि किती मिनिटांत, ते लिहायचं. लहान जाळ्यासाठी एका दुपारचं काम आहे. कोणता दुवा दर पावसाळ्यात किती दिवस बंद असतो ही नोंद देखभाल करणाऱ्यांकडे असतेच. ती या खोडाखोडीशेजारी ठेवली की निर्णय बराच स्पष्ट होतो. वर्षातून आठवडाभर ख–ग बंद राहत असेल, तर मी पुलाच्या आधी ख–घ रस्ता मागेन.

आता मोजणीतली एक चूक, जी मला सगळ्यात जास्त वेळा सापडली आहे: नोड कशाला म्हणायचं हे मधेच बदलणं. वरचं मूळ जाळं घ्या आणि त्यातून ख, घ, छ ही मधली गावं ‘लहान’ म्हणून वगळा. उरले चार नोड आणि तीन दुवे. गॅमा 3 भागिले 6, म्हणजे 0.50. खडीचा एक दगडही न टाकता गॅमा नव्या रस्त्यानंतरच्या 0.47 पेक्षा वर गेला. उलटही होतं. नवा ख–घ रस्ता गावांत न जाता ख–ग आणि ग–घ या रस्त्यांना मधेच येऊन मिळाला, तर दोन नवे तिठे तयार होतात. नोड नऊ, दुवे नऊ, गॅमा 0.43. रस्ता जवळपास तोच, पण वाढीची टक्केवारी 17 च्या निम्म्याहून खाली. म्हणून दोन वर्षांच्या किंवा दोन विभागांच्या गॅमाची तुलना दिसली, की मी सगळ्यात आधी नोडची यादी मागतो. ती यादी जोडलेली नसेल तर तुलनेला अर्थ नाही, मग दशांशानंतर कितीही आकडे असोत.

अशीच गोष्ट नकाशाच्या कडेची. च वरून एक रस्ता पलीकडच्या विभागात जातो आणि तिथे मोठा दवाखाना आहे, असं समजा. तुमच्या विभागाची हद्द च वर संपते म्हणून तो रस्ता कापला, तर कागदावर च हे टोकाचं, मागास नोड दिसतं आणि सगळे तिकडे रस्ता मागू लागतात. कडेची गावं जवळपास नेहमीच अशी अन्यायाने मागे दिसतात, किंवा शेजारच्या रस्त्यामुळे त्यांना झालेला फायदा मोजलाच जात नाही. हद्दीबाहेरचे निदान पहिले काही नोड हिशेबात घ्यावेत. निकाल स्वतःच्या विभागाचाच छापा, पण वाटा शोधताना कडा मोकळ्या सोडा.

मिनिटांबद्दलही सांगायला हवं. छ–ज सोडला, तर मी वर दिलेली सगळी मिनिटं रिकाम्या रस्त्यावरच्या गाडीची आहेत. गर्दी झाली की नव्या दुव्यावर वाहनं सरकतात आणि जुनी मिनिटं टिकत नाहीत. एखादा दुवा वाढवल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, हे डीट्रिश ब्रेस यांनी 1968 सालीच गणिताने दाखवलं आहे. आडवाटेच्या जाळ्यात ही अडचण कमी, शहराजवळ मोठी. त्याहून मोठी अडचण म्हणजे ज्यांच्याकडे गाडी नाही ते लोक. त्यांचं जाळं वेगळं असतं. त्यात दुवा म्हणजे डांबर नव्हे, तर बसची फेरी. क–च रस्ता झाला पण त्यावर बस सुटली नाही, तर त्यांच्या तक्त्यात क–च अजूनही 75 मिनिटंच आहे, वर ग ला बस बदलण्यासाठी थांबण्याचा वेळ. दिवसात दोनच फेऱ्या असतील तर ती थांबण्याची वेळच प्रवासाहून मोठी होते. तेव्हा तक्ते दोन हवेत: एक गाडीवाल्यांचा, एक बसवाल्यांचा. दुसरा तक्ता असलेला प्रस्ताव माझ्या हातात आजवर फार क्वचित आला आहे.

तेव्हा माझं मागणं असं. गॅमा छापा, हरकत नाही. जाळ्याची घडण एका नजरेत सांगायला तो उपयोगी आहे, आणि एकाच नोडयादीवर वर्षानुवर्षं मोजला तर वाढ दाखवतो. पण त्याच्या शेजारी, त्याच पानावर, तीन गोष्टी द्या. रस्त्याआधीचा आणि नंतरचा मिनिटांचा तक्ता, गावनिहाय ओळींसकट. दवाखाना आणि शिक्षण जिथे आहे त्या नोडचा स्तंभ वेगळा काढून. आणि एकेक दुवा खोडल्यावर कोण तुटतं त्याची यादी. प्रत्येक प्रस्तावात एक पर्याय असाही ठेवा, ज्यात नवा दुवा नाही, फक्त असलेल्या दुव्यातली मिनिटं कमी केली आहेत. तो हरला तर हरू दे, पण तो रांगेत उभा असायला हवा.

हा तक्ता गावसभेत वाचून दाखवता येतो, हे मी अनुभवाने सांगतो. ज सारख्या एका गावात मी तो फळ्यावर लिहिला होता. गॅमाचं सूत्र लिहिलं तेव्हा सगळे शांत बसले. मग त्यांच्या गावाची ओळ लिहिली, आधीची आणि नंतरची, एकाखाली एक. मागे बसलेल्या एक बाई उठून फळ्याजवळ आल्या आणि दवाखान्याच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे दोन्हीकडे सारखंच आहे, मग रस्ता कोणासाठी?’ त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते प्रस्तावात असायला हवं होतं. पुढच्या प्रस्तावात ती ओळ छापलेली असेल, तर सभेपूर्वी मला कळवा. तक्ता तपासून द्यायला मी येईन, आणि त्या खऱ्या रस्त्यावरच्या पुलाच्या नोंदींची वहीही सोबत आणीन.

आपला,
वाहतूक भूगोलाचा एक शिक्षक